दंडघेर पट्टी आणि संदर्भ चिठ्ठी : गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी दोन पानी मार्गदर्शिका (मसुदा, वाचून सांगा)

ओंजळ

गावपातळीवर मुलं तपासणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी मी दोन पानांची मार्गदर्शिका लिहिते आहे. कुपोषणावरची जाडजूड पुस्तकं प्रत्येक कार्यालयाच्या कपाटात असतात. मला त्यातल्या दोनच गोष्टी हव्या आहेत. दंडघेर पट्टी कशी लावायची, आणि मूल पुढे पाठवताना चिठ्ठीत काय लिहायचं.

हे का सुचलं ते सांगते. एका गावात १४ महिन्यांच्या मुलीचा दंडघेर कार्यकर्तीला ११३ मिमी मिळाला, म्हणजे लाल. तिने चिठ्ठी दिली. आई दोन दिवसांनी मुलीला घेऊन उपचार केंद्रात गेली. तिथे ११७ आला, म्हणजे पिवळा. "लाल नाही, घेऊन जा" असं तोंडी सांगून परत पाठवलं. आता ती आई म्हणते, तुमच्या पट्टीचं काही खरं नाही. शेजारणीही आपली मुलं मोजायला देत नाहीत. यात चुकलं कोण, आणि मार्गदर्शिकेत काय असतं तर हे टळलं असतं, एवढंच मला शोधायचं आहे.

मसुद्यातला मोजण्याचा भाग असा :

"६ महिने पूर्ण झालेली आणि ५ वर्षांच्या आतली मुलं मोजा. डावा हात घ्या. बाही खांद्यापर्यंत वर करा, घट्ट असेल तर कपडा काढा. खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये पेनने खूण करा. पट्टीचं टोक खाचांतून ओवून पट्टी खुणेवर गुंडाळा. खिडकीतल्या बाणांमधला आकडा वाचा. ११५ च्या खाली लाल, ११५ ते १२४ पिवळा, १२५ आणि पुढे हिरवा."

चिठ्ठीचा भाग : "नाव, वय, गाव, आकडा, तारीख, सही." बस.

काय राहिलं ते मोकळेपणाने सांगा.

---

निवांत_नाना

छान उपक्रम. पण उगाच अवघड करताय. पट्टीवर रंग कशासाठी दिलेत? ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्यालाही कळावं म्हणूनच ना! लाल दिसला की पाठवा. मिमी-बिमी लिहायला लावलं की कार्यकर्त्या घाबरतात. पूर्वी मी सर्वेक्षणांवर देखरेख करायचो, तेव्हाही हेच बघितलं. डावा-उजवा हाही नुसता सोवळेपणा आहे, फरक पडत नाही.

---

डॉ_अर्धविराम

नाना, रंगाबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. मूल पाठवायचं की नाही हे ठरवायला रंग पुरतो. आकडा लागतो तो समोरच्या माणसासाठी. "लाल" एवढंच लिहून मूल केंद्रात आलं आणि तिथे पिवळं निघालं, तर केंद्रातल्या माणसाला तुमची ओळ खोटीच वाटणार. "११३" लिहिलेलं असलं की त्याला कळतं, हे मूल रेषेच्या अगदी जवळ आहे, माझा ११७ आणि तिचा ११३ एकाच मुलाचे असू शकतात. ९८ लिहिलेलं असून ११७ आला तर मात्र कुठेतरी घोळ आहे. रंग या दोन गोष्टींतला फरक सांगत नाही.

डाव्या-उजव्यात फरक थोडा असतो, हेही खरं. डावा हात घ्यायचा तो सगळ्यांनी एकच घ्यावा म्हणून. आज डावा आणि पुढच्या महिन्यात उजवा मोजला, तर मूल वाढलं की हात बदलला हे कसं कळणार?

आता ओंजळ यांचा मूळ प्रश्न. माझ्या मते इथे कुणीही चुकलेलं नसेल. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या वाढीचे तक्ते करण्यासाठी जो मोठा अभ्यास केला, त्यात मुरलेल्या मोजणाऱ्यांच्या जोड्या होत्या. दोघांच्या दंडघेरात ५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तरच पुन्हा मोजायचं, असा तिथला नियम होता. इथे फरक ४ चा आहे. तो नेमका ११५ च्या रेषेच्या दोन बाजूंना पडला म्हणून एवढं रामायण झालं. हाच फरक १३१ आणि १३५ असा असता तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

---

गवतफुला

मी प्रत्यक्ष मोजते, म्हणून लिहिते. मसुद्यात एक गोष्ट सुटली आहे. मध्य शोधायला आम्ही मुलाचं कोपर काटकोनात वाकवतो, तरच कोपराचं टोक नीट लागतं. खूण झाल्यावर हात सरळ करून सैल सोडायचा असतो, आणि नेमकं हेच सगळ्या विसरतात. आई मांडीवर धरून असते, मूल हात दुमडून तिला बिलगलेलं असतं, आणि पट्टी तशीच गुंडाळली जाते. वाकवलेल्या हाताचा स्नायू फुगतो आणि आकडा जास्त येतो. मूल रडत ताठ झालं असेल तरी तेच.

दुसरं, पट्टी ओवायचं तुम्ही एका शब्दात उरकलंत. नवीन बायका तिथेच अडतात. आमच्याकडच्या पट्टीला तीन खाचा आहेत. टोक पहिलीतून खाली घालायचं, तिसरीतून वर काढायचं, आणि वाचायचं मधल्या खिडकीत. काहीजणी टोक जिथे बाहेर येतं तिथलाच आकडा वाचतात.

---

रातराणी

मी उपचार केंद्रात परिचारिका आहे (या गोष्टीतल्या नव्हे, दुसऱ्या). आमची बाजूही ऐका. गर्दीच्या दिवशी मूल आईच्या कडेवर असतानाच मोजलं जातं, हात दुमडलेलाच असतो. तेव्हा ११७ मधले दोन-तीन मिमी आमच्या बाजूचे असू शकतात, हे मान्य.

पण उलटंही रोज बघते. पट्टी इतकी आवळलेली की कातडीला वळी पडलेली. आवळली की आकडा कमी येतो, मूल लाल होतं. मग ती बाई दिवसाची मजुरी बुडवून, दुसरं पोर शेजारी ठेवून येते, आणि आम्ही काही देऊ शकत नाही. पट्टी सगळीकडून कातडीला टेकली पाहिजे, पण कातडी दबता कामा नये. आणि खाली फट दिसली तर ती सैल आहे. हे वाक्य मार्गदर्शिकेत चित्रासह हवं. नुसतं "योग्य ताण" लिहिलंत तर कुणाला काही कळणार नाही.

---

चिऊची_आई

नमस्कार, धागा वाचून घाबरले. माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे. परवा नणंदेने गंमत म्हणून तिच्या दंडाला तसलीच पट्टी लावली तर ११८ आला, पिवळा! अंगावर पिते, वजन दर महिन्याला वाढतंय. आणि मोठा सात वर्षांचा आहे, तो तर काटकुळाच आहे पण त्याचा हिरवा येतो. म्हणजे तो ठीक आणि ही कुपोषित? काय करू?

---

डॉ_अर्धविराम

चिऊची आई, ही पट्टी दोघांसाठीही नाही. तिचे रंग ६ महिने ते ५ वर्षं एवढ्याच वयासाठी बसवलेले आहेत. साडेचार महिन्यांच्या बाळाचा दंड मुळातच लहान असतो, त्यामुळे तिथे पिवळा दिसला म्हणून काही ठरत नाही. २०२३ च्या जागतिक मार्गदर्शनात ६ आठवडे ते ६ महिन्यांच्या बाळांसाठी ११० मिमीच्या खाली गेल्यास धोका मानावा असं आलं आहे. तुमची मुलगी त्याच्या बरीच वर आहे, नीट पिते आहे आणि वजन वाढतं आहे. ते वजन नोंदवत राहा. दूध पिणं कमी झालं किंवा वजन थांबलं तर थांबू नका, दाखवा.

मोठ्याचं उलट आहे. सात वर्षांच्या मुलाचा दंड या पट्टीवर जवळपास नेहमीच हिरवा दिसेल, तो बारीक असला तरी. त्याची चिंता वाटत असेल तर उंची-वजन करून घ्या.

ओंजळ, हा प्रश्न चुकून आला असला तरी तुमच्या कामाचा आहे. "६ महिने ते ५ वर्षं" ही ओळ मसुद्यात आहे, पण वय कसं कळलं हे नाही. जन्माची नोंद नसेल तर आई "एवढं असेल" म्हणते. वय अजिबातच कळत नसेल तर ६५ सेंमीपेक्षा लांब मूल ६ महिन्यांच्या पुढचं धरून मोजतात, वरची हद्द ११० सेंमी. काठीवर दोन खुणा करून दिल्या की काम होतं. फक्त जिथे मुलं खुरटलेली असतात तिथे ६५ च्या आतली काही मोठी मुलं यात सुटतात. म्हणून नोंद असेल तर नोंदच धरायची, काठी शेवटचा उपाय.

---

चिऊची_आई

धन्यवाद डॉक्टर, जीव भांड्यात पडला. नणंदेची पट्टी काढून घेते.

---

निवांत_नाना

काढून घेऊ नका हो, नंतर लागेल. आयांच्या हाती पट्टी देणं हा प्रयोग नायजरमध्ये होऊन गेलाय. तिथे आयांनी स्वतःच्या मुलांचे दंड मोजले आणि कार्यकर्त्यांच्या जवळपास तितकंच बरोबर मोजलं. आणि त्या काही दोरी लावून मध्य शोधत बसल्या नव्हत्या, डोळ्यांनीच अंदाज घ्यायच्या. म्हणून म्हणतो, खूण-बीण सोडा.

---

डॉ_अर्धविराम

हे नानांचं बरोबर आहे, आणि मी त्यांच्या बाजूने आहे. आयांना शिकवताना नजरेने मध्य धरायला सांगितलं तरी चालतं, हे दिसून आलं आहे. फक्त एक भेद आहे. आई आपलं मूल परतपरत मोजते, एकदा चुकलं तर पुढच्या वेळी सापडतं. कार्यकर्ती महिन्यातून एकदा येते, आणि तिच्या आकड्यावर कुणीतरी केंद्रापर्यंत चालत जाणार असतं.

---

गवतफुला

मग मी असं करते ते बरोबर का सांगा. नजरेने मध्य धरून मोजते. हिरवा खणखणीत असेल तर पुढच्या मुलाकडे. आकडा रेषेच्या आसपास आला, म्हणजे ११२ ते ११८ किंवा तसाच १२५ जवळ, तर पट्टी पूर्ण काढते, दोरीने मध्य शोधून खूण करते, हात सोडवते, आणि पुन्हा मोजते. दोन्ही आकडे लिहून ठेवते. खूण नीट करण्याचा वेळ फक्त थोड्या मुलांवर जातो.

---

ओंजळ

गवतफुला, हे जसंच्या तसं घेते आहे. दोरीचं एक वाक्य जोडते : दोरी खांद्याच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंत धरा, दुमडून निम्मी करा, निम्म्यावर खूण. दोन आकडे वेगळे आले तर कोणता धरायचा?

---

डॉ_अर्धविराम

गावात तपासणी करताना मी कमी असलेला धरेन. तपासणीचं काम मूल सुटू नये हे आहे, निदान केंद्र करेल.

---

रातराणी

आणि केंद्रातली मी म्हणेन, नीट खूण करून घेतलेला दुसरा आकडा धरा, मग तो जास्त का असेना. पहिला नजरेचा होता, तो कमी आला म्हणून जास्त खरा होत नाही. "कमी तो धरा" म्हणालात की प्रत्येक सीमेवरचं मूल आमच्याकडे येतं आणि त्यातली निम्मी परत जातात. परत गेलेली आई पुढच्या वेळी मूल खरंच लाल असतानाही येत नाही. ओंजळच्या गावात नेमकं हेच झालं ना?

---

डॉ_अर्धविराम

पण परत का पाठवता? तिचा ११३, तुमचा ११७, दोन्ही पट्टीच्या चुकीच्या हद्दीत. काही कार्यक्रमांत गावच्या कार्यकर्तीचा आकडा मानूनच दाखल करून घेतात, ते यासाठीच. चार मिमीसाठी आईचा विश्वास घालवण्यापेक्षा एखादं पिवळं मूल उपचारात आलं तर काय बिघडलं?

---

रातराणी

बिघडतं तेव्हा, जेव्हा उपचाराचा पोषक आहार मोजूनमापून येतो आणि महिनाअखेरीस खऱ्या लाल मुलाला पाकीट उरत नाही. तो निर्णय माझ्या हातात नाही, डॉक्टर. मी मूल फक्त चिठ्ठीशिवाय परत पाठवणार नाही, एवढंच माझ्या हातात आहे.

---

कोपरखळी

दोघं एकाच केंद्रात असता तर आम्हाला तिकीट काढून बघायला यावं लागलं असतं. पण एक बाळबोध प्रश्न : तिथली पट्टी आणि इथली पट्टी एकच आहे कशावरून? माझ्याकडच्या जुन्या पट्टीवर लाल ११० ला संपतो.

---

डॉ_अर्धविराम

कोपरखळी, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. पूर्वी गंभीर कुपोषणाची रेषा ११० होती, २००९ मध्ये ती ११५ झाली. जुन्या पट्ट्या अजून पिशव्यांत सापडतात. जुन्या पट्टीवर ११३ चं मूल पिवळं दिसेल आणि नव्यावर लाल. नुसता रंग लिहिला असेल तर हा घोटाळा कधीच उघडकीला येणार नाही. नाना, आकड्याचं हे दुसरं कारण. जुन्या पट्ट्या गोळा करून बाजूला काढा. आणि पट्टी ताणली गेली आहे का हे बघायला ती फूटपट्टीशेजारी ठेवून आकडे जुळवा.

पट्ट्या एकच असल्या तरी आणखी एक कारण संभवतं. त्या केंद्रात मुलीचं वजन-उंचीही बघितली असणार आणि ती बरी निघाली असेल, म्हणून "काही नाही" म्हटलं असेल. दंडघेर आणि वजन-उंची वेगवेगळी मुलं पकडतात. एकात लाल असलेलं मूल दुसऱ्यात ठीक दिसणं नेहमीचं आहे, त्यावरून पहिलं माप खोटं ठरत नाही. दंडघेर ११५ च्या खाली असेल तर तेवढं एक कारण पुरतं.

---

निवांत_नाना

मानलं, आकडा लिहा. पण मग त्या छोट्या चिठ्ठीत किती कोंबणार? आधीच कुणी वाचत नाही.

---

रातराणी

नाना, कोंबलेली चिठ्ठी वाचत नाही आम्ही. मला ज्या येतात त्यांतली नमुन्याची एक सांगते :

*"सदर मूल अशक्त आहे. तरी कृपया तपासून योग्य ते उपचार करावेत ही विनंती."*

यातून मला काहीच कळत नाही. विनंती कशाला, मी उपचार करायलाच बसले आहे. मला हवं ते एवढं : मूल कोण, वय किती आणि कशावरून, आकडा किती आणि कधी मोजला, पायांवर सूज आहे का, काही धोक्याचं लक्षण आहे का. आणि खाली कोरी जागा, मी उलट लिहीन म्हणून.

सूज मसुद्यात कुठेच नाही, ओंजळ. ही फार मोठी जागा रिकामी आहे. सूज असलेल्या मुलाचा दंड पट्टीवर हिरवा येऊ शकतो, आणि ते मूल लाल मुलाइतकंच, कधी जास्त, धोक्यात असतं. प्रत्येक मुलाला, हिरव्यालाही, दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून बघायचं. अंगठा उचलल्यावर खड्डा तसाच राहिला आणि तो दोन्ही पायांवर असेल तर सूज आहे. एकाच पायाला असेल तर कारण वेगळं, ठेच लागली असेल, पिकलं असेल. बुटक्या गुबगुबीत पायाला सूज समजू नका, तिथे खड्डा राहत नाही.

---

गवतफुला

आम्ही आधी पाय दाबतो, मग पट्टी. पट्टी पाहिली की मूल रडायला लागतं आणि पाय झाडतं.

---

ओंजळ

रातराणी, सूज आता मोजण्याच्या आधी पहिल्या क्रमांकावर गेली. गवतफुलाचा क्रमही घेतला.

धोक्याच्या लक्षणांबद्दल विचारते. कार्यकर्तीकडून किती अपेक्षा धरायची?

---

डॉ_अर्धविराम

चारच, आणि चारही आईला विचारून किंवा बघून कळणारी. काहीच पीत नाही किंवा अंगावर घेत नाही. पोटात काही ठरत नाही, सगळं उलटून पडतं. झटके आले. गुंगीत आहे, हाक मारली तरी नीट बघत नाही. यांपैकी एकही असेल तर मूल रोजच्या तपासणीच्या केंद्रात न पाठवता, जिथे रात्री भरती करून ठेवता येतं तिथे, त्याच दिवशी पाठवायचं. लाल आहे, पण खेळतंय आणि खातंय, तर नेहमीचं केंद्र. तिथे भुकेची चाचणी घेतात, म्हणजे पोषक आहार समोर देऊन मूल खातं का बघतात. ती कार्यकर्तीने करायची गरज नाही. दोन्ही पायांना सूज असेल तर कुठे पाठवायचं हे त्या त्या ठिकाणच्या नियमावर आहे. चेहऱ्यापर्यंत पसरली असेल तर मात्र वाट न बघता भरती.

चिठ्ठीवर "कुठे पाठवलं आणि का तिथेच" ही ओळ हवी. नाहीतर आई जवळचं केंद्र गाठते आणि तिथून पुन्हा पुढे पाठवली जाते.

---

ओंजळ

सगळ्यांचं धरून त्याच १४ महिन्यांच्या मुलीची चिठ्ठी लिहून बघितली. नाव-गाव इथे रिकामं ठेवते.

> वरचा भाग (आईसोबत)
> मुलगी, वय १४ महिने, जन्मनोंदीवरून. आईचं नाव ____ , गाव ____
> दंडघेर, डावा हात : पहिल्यांदा ११३ मिमी, खूण करून पुन्हा ११४ मिमी. (लाल, नवी पट्टी)
> दोन्ही पायांना सूज : नाही
> धोक्याची लक्षणं : पिणं ठीक, उलट्या नाहीत, झटके नाहीत, जागी व खेळते.
> इतर : गेल्या आठवड्यात तीन दिवस जुलाब, आता थांबले.
> पाठवलं : बाह्यरुग्ण उपचार केंद्र, कारण दंडघेर ११५ च्या खाली.
> आईला सांगितलं : या आठवड्यात नेणे. उलट्या, झटके, गुंगी आल्यास न थांबता रुग्णालयात.
> मोजणारी व तारीख ____
>
> खालचा भाग (केंद्राने भरून आईकडे परत)
> केंद्रातला दंडघेर ____ मिमी. सूज ____ . दाखल / दाखल नाही, कारण ____ . पुन्हा कधी मोजायचं ____

आणि याचा स्थळप्रतीचा तुकडा कार्यकर्तीच्या वहीत. त्यावर फक्त नाव, आकडा, तारीख, "पोहोचली का".

---

रातराणी

"इतर"मधले जुलाब ठेवा, ते मला खूप सांगतात. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की वजन लगेच पडतं, दंडघेरावर तितका परिणाम होत नाही. म्हणजे मी वजनावरून काही ठरवताना सांभाळून घेईन.

"लाल, नवी पट्टी" हे कंसात आहे ते मोठं करा. आणि खालच्या भागाला स्वतंत्र सही. सही नसेल तर कुणी भरणार नाही, हे अनुभवाने सांगते.

---

निवांत_नाना

"आईला सांगितलं" ही ओळ कशाला? सांगितलं म्हणजे सांगितलं.

---

गवतफुला

नाना, ती ओळ आमच्यासाठी आहे. लिहायची असते म्हणून सांगितलं जातं. शिवाय मी आईला आणखी एक सांगते, जे या चिठ्ठीत नाही : "तिथे पुन्हा मोजतील, आकडा थोडा वेगळा येईल, त्याचा अर्थ तुझी फसवणूक झाली असा नाही. पिवळा आला तर दोन आठवड्यांनी मी पुन्हा मोजेन." हे आधी ऐकलेलं असलं की परत आल्यावर आई भांडत नाही.

---

ओंजळ

हे मार्गदर्शिकेत आईशी बोलायच्या वाक्यांत टाकते, चिठ्ठीत नको.

राहिलेला प्रश्न. चिठ्ठी दिली आणि मूल गेलंच नाही, तर किती दिवसांनी घरी जायचं?

---

गवतफुला

मी आठवडा जाऊ देत नाही. धोक्याचं लक्षण असेल तर त्याच संध्याकाळी विचारून येते. आणि गेलं नसेल तर कारण लिहिते. बहुतेक वेळा लांब आहे, घरी दुसरं लहान आहे, किंवा सासरे नको म्हणाले. "आईने दुर्लक्ष केलं" असं लिहायचं नाही असा आमच्या ताईंचा दंडक आहे, कारण त्या ओळीनंतर कुणी पुढे काही करत नाही.

---

डॉ_अर्धविराम

ताईंचा दंडक छापून घ्या.

---

ओंजळ

थोडी उशिराची खबर. त्या कार्यकर्तीने मुलीला नव्या पद्धतीने मोजलं, ११४ आणि ११५. हो, नेमका ११५, जो लाल नाही! तिने दोन्ही आकडे चिठ्ठीत लिहिले आणि आईची बरीच मनधरणी करून पाठवलं. केंद्राने हात सरळ करून मोजला, ११६. खालच्या भागात लिहून दिलं : "दाखल नाही. दोन आठवड्यांनी गावात मोजा. ११५ च्या खाली गेल्यास थेट पाठवा, दाखल करू." सही आहे. आईने तो कागद घडी करून मुलीच्या लसीकरणाच्या कार्डात ठेवला आहे.

---

निवांत_नाना

म्हणजे शेवटी दाखल नाहीच केलं! आणि डॉक्टर म्हणत होते तसं पहिल्याच दिवशी घेतलं असतं तर ही पायपीट वाचली असती.

---

रातराणी

किंवा एका पाकिटाची रांग लांबली असती. यावर आपलं जमायचं नाही नाना, राहू द्या. ओंजळ, "थेट पाठवा, दाखल करू" हे केंद्राने लिहिलंय तर त्या दिवशी जी परिचारिका असेल तिला ते मान्य असायला हवं. केंद्राच्या नोंदवहीत त्या मुलीच्या ओळीवरही तसा शेरा आहे का, विचारून घ्या.

---

ओंजळ

विचारते. दोन आठवड्यांनी गवतफुलाच्या पद्धतीने मोजल्यावर आकडा इथे टाकेन. तोवर पट्टी ओवण्याचं चित्र कुणी काढून देईल का? तीन खाचा, टोक पहिलीतून खाली, तिसरीतून वर. फोटोत हात झाकला जातो, रेघांचं चित्रच हवं.